नोकरीच्या करारात आर्बिट्रेशन क्लॉज आहे? मग लेबर ऑफिस, कोर्ट की लवाद, हे क्रमाने कसं ठरवायचं

नोकरीवरून काढलं, पगार अडकवला आणि ऑफर लेटरच्या नवव्या-दहाव्या पानावर "सर्व वाद लवादामार्फतच सोडवले जातील" असं वाक्य सापडलं की बरेच जण तिथेच हात टेकतात. एचआरही तेच सांगतो, की तुम्ही सही केलीय, आता कोर्टात जाता येणार नाही. यातलं अर्धं खरं आहे आणि अर्धं नाही, पण कुठलं अर्धं खरं हे तुमच्या कामावर आणि तुमच्या मागणीवर ठरतं, क्लॉजच्या भाषेवर नाही.

लोकांचं नुकसान क्लॉजमुळे कमी आणि स्वतःच्या पत्रांमुळे जास्त होतं. चुकीच्या कोर्टात दावा टाकतात, नोटिशीला घाईत "मान्य आहे" असं उत्तर देतात, किंवा घाबरून काहीच उत्तर देत नाहीत. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे. सगळं भारतातल्या खाजगी नोकरीबद्दल आहे, सरकारी नोकरांचं गणित वेगळं.

१. आधी कागद गोळा करा, सही कशावरच नको

लॅपटॉप परत घेण्याआधी आणि मेल आयडी बंद होण्याआधी स्वतःचे कागद स्वतःकडे हवेत. अपॉइंटमेंट लेटर, त्यासोबत सही करून घेतलेली गोपनीयतेची आणि ट्रेनिंग बाँडची वेगळी कागदपत्रं, सॅलरी स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीचा रेकॉर्ड, अप्रेझल फॉर्म, आणि काढल्याचं पत्र किंवा मेल. कंपनीचा डेटा किंवा क्लायंटच्या फाइली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका, कारण पुढे कंपनीला गोपनीयता भंगाचा दावा लावायचा असेल तर तोच पुरावा होतो.

पोर्टलवरचं "रिझाइन" बटण दाबायला सांगितलं तर दाबू नका. राजीनामा आणि काढून टाकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राजीनामा दिला की पुढे जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

थांबा: फुल अँड फायनलच्या कागदावर "माझा कंपनीवर कोणताही दावा राहिलेला नाही" अशी ओळ असते. पैसे घ्यायचेच असतील तर सहीच्या वर "हक्क राखून, विरोध नोंदवून स्वीकारले" असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढा. लिहू देत नसतील तर सही न करता त्याच दिवशी मेल टाका की पैसे स्वीकारतोय पण दावे सोडत नाहीये.

२. क्लॉज वाचा, पण चार गोष्टींसाठीच

पूर्ण करार वाचून डोकं फिरवून घेऊ नका, पेन घेऊन फक्त एवढं शोधा. पहिलं, कुठले वाद त्यात येतात, "या करारातून उद्भवणारे" की "नोकरीशी संबंधित सर्व". दुसरं, लवाद कोण नेमणार. तिसरं, सीट म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण कुठलं, कारण तुम्ही पुण्यात आणि सीट गुरुग्राम असं सर्रास असतं. चौथं, खाली कुठे "अमुक शहराच्या न्यायालयांनाच अधिकार" अशी वेगळी ओळ आहे का.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. "लवादाची नेमणूक कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर करतील" अशी ओळ असेल तर ती आता टिकत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवाद कायद्याच्या कलम १२(५) प्रमाणे कंपनीचा माणूस, तिचा सल्लागार किंवा वकील स्वतः लवाद होऊ शकत नाही, आणि ज्याला निकालात रस आहे तो एकट्याने लवाद नेमूही शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात सांगितलं. पण ह्यात एक खाच आहे. वाद सुरू झाल्यावर तुम्ही लेखी लिहून दिलंत की मला हा लवाद चालेल, तर हे संरक्षण गेलं. पायरी ६ मध्ये हे परत येईल.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका, की असा क्लॉज मुळातच बेकायदेशीर आहे. नाहीये. करार कायद्याच्या कलम २८ मध्ये कोर्टाचा रस्ता पूर्ण बंद करणारा करार रद्द ठरतो, पण लवादाचा करार त्याला अपवाद आहे. म्हणजे क्लॉज जिवंत आहे, फक्त तो कुठल्या मागण्यांपर्यंत पोहोचतो हा प्रश्न आहे.

३. तक्रारीचे ढीग वेगळे करा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. माणूस चिडून एकाच अर्जात पगार, काढणं, बोनस, मानसिक त्रास, नुकसानभरपाई, सगळं कोंबतो आणि वर "करारभंग" असा शब्द घालतो. करारभंग म्हटलं की कंपनी म्हणणार, करार आहे ना, मग करारातच लवाद लिहिलाय.

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक मागणीसमोर लिहा की हा हक्क मला करार देतो की कायदा.

वेळेवर पगार मिळणं, काढल्यावर राहिलेला पगार मिळणं हा हक्क वेतन संहिता देते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात नोकरी गेल्यावर किंवा सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे. आधीच्या पगार वाटप कायद्यात महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, ती आता राहिली नाही, आणि "कर्मचारी" या व्याख्येत मॅनेजरही येतो. ग्रॅच्युइटी, पीएफ हेही कायद्याचे हक्क, त्यांची प्राधिकरणं वेगळी. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत जाते आणि कुठलाही लवाद क्लॉज तिला अडवू शकत नाही. बेकायदा काढून टाकण्याविरुद्धचा हक्क औद्योगिक संबंध संहिता देते (आधीचा औद्योगिक विवाद कायदा १९४७), पण तो फक्त "वर्कर"ला.

याउलट परफॉर्मन्स बोनस, शेअर ऑप्शन, करारातला तीन महिन्यांचा जास्तीचा नोटीस पे, ह्या गोष्टी करारातून येतात. त्यांच्यासाठी नुसता करार पुढे केला तर लवादाचा क्लॉज खरोखर लागू होऊ शकतो.

तपासा: ढीग करून झाल्यावर कायद्याच्या ढिगात पगार आणि काढणं ह्या दोन गोष्टी आल्या तर बहुतेकांचं ऐंशी टक्के काम तिथेच असतं. करारातल्या बोनससाठी सगळं अडकवून ठेवू नका.

४. तुम्ही "वर्कर" आहात का ते पदनामावरून ठरवू नका

वर्कर म्हणजे फॅक्टरीतला कामगार एवढाच अर्थ डोक्यात असतो, म्हणून आयटीवाले, बँकवाले, सेल्सवाले आपोआप स्वतःला बाहेर काढतात. कायद्यात शारीरिक, कुशल, तांत्रिक, क्लेरिकल, ऑपरेशनल असं सगळं काम येतं. बाहेर काय जातं तर मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा, आणि सुपरवायझर म्हणून काम करणारा ज्याचं वेतन संहितेप्रमाणे महिना १८,००० च्या वर आहे (जुन्या कायद्यात १०,००० होतं). ही रक्कम फक्त सुपरवायझरसाठी आहे हे नीट वाचा. तांत्रिक काम करणाऱ्याचा पगार लाखभर असला तरी केवळ पगारामुळे तो बाहेर जात नाही.

कोर्ट बघतं ते मुख्य काम. कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" असेल पण दिवसभर माणूस कोड तपासतोय, बिलं लावतोय, मशीन चालवतोय, तर पदनामाला किंमत नाही. म्हणून स्वतःला हे प्रश्न विचारा: मी कोणाची रजा मंजूर करायचो का? कोणाला कामावर घ्यायचा किंवा काढायचा अधिकार होता का? कोणाचं अप्रेझल अंतिम करायचो का? खर्चाला मंजुरी द्यायचो का? बहुतेक उत्तरं "नाही" असतील तर तुमची बाजू बरी आहे, आणि हे दाखवणारे मेल, टास्क शीट, केआरए जपून ठेवा. एचआरची आवडती चाल म्हणजे "टीम लीड" हा शब्द. टीम लीड असून रजेचा अर्ज वरच्याकडेच जात असेल तर ते स्क्रीनशॉट सोन्यासारखे आहेत.

खरोखर मॅनेजर असाल तर पगाराचा दावा पायरी ५ प्रमाणे करा आणि बाकीच्यासाठी थेट पायरी ७ वर जा.

५. अर्ज कुठे, कोणत्या क्रमाने

एक उदाहरण धरून जाऊ, म्हणजे हवेत राहणार नाही. समजा हिंजवडीतली एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पदनाम असोसिएट लीड, पगार ५८,०००, नोकरी चार वर्षं दोन महिने. सोमवारी दुपारी मीटिंगला बोलावून परफॉर्मन्सचं कारण देऊन त्याच दिवसापासून काढलं, शेवटच्या महिन्याचा पगार थांबवला, नोटीस पे दिला नाही, आणि वर दीड लाखाचा ट्रेनिंग बाँड भरायला सांगितलं. करारात लवाद, नेमणूक एमडी करणार, सीट गुरुग्राम.

पहिलं काम, मागणीपत्र. एक पान, मेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. त्यात लिहायचं की मी तांत्रिक काम करणारी वर्कर आहे, अमुक तारखेला मला नोटीस, चौकशी, भरपाई काहीही न देता काढलं, हे काढणं कायद्याविरुद्ध आहे, मला पूर्वीच्या सेवेसकट आणि मागच्या पगारासकट कामावर घ्या, आणि कमावलेला पगार ताबडतोब द्या. "करारातल्या अमुक कलमाप्रमाणे" हे शब्द टाळा. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नसलेलं काढणं कायद्यात साधारणपणे नोकरकपात धरलं जातं, आणि वर्षभर सलग काम झालेल्याची नोकरकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. आपल्या टेस्टरचं पंधरा दिवसांचं ढोबळ २९,००० धरलं तर चार वर्षांचे १,१६,००० आणि नोटिशीचे ५८,०००, असे १,७४,०००, शिवाय अडकलेला पगार. वेतनाच्या व्याख्येप्रमाणे भत्त्यांची फोड कशी आहे त्यावर आकडा हलेल, पण हे पैसे न देता काढणं हाच मोठा दोष आहे आणि तो मागणीपत्रात पहिल्या परिच्छेदात यायला हवा.

दुसरं, पगाराचा दावा वेगळा अर्ज करून वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे. मुदत तीन वर्षं, आणि प्राधिकारी मूळ रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. देतोच असं नाही, पण कंपनीच्या वकिलाला ही तरतूद माहीत असते, त्यामुळे समोरचा फोन लवकर येतो. हा अर्ज काढण्याच्या वादात मिसळू नका, कारण तो सोपा आहे आणि सोपं काम अवघड कामामागे अडकून पडतं.

तिसरं, काढण्याविरुद्ध कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, बाकी जिल्ह्यात तिथलं कार्यालय. विमान कंपनी, बँक, विमा अशा ठिकाणी नोकरी असेल तर केंद्राचा अधिकारी लागतो, राज्याच्या ऑफिसात दिलेला अर्ज तिथून परत येतो आणि महिना वाया जातो. संहितेप्रमाणे वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण घेऊ शकत नाही, त्यामुळे "बघू, आधी दुसरी नोकरी लागू दे" म्हणत बसू नका. महाराष्ट्रातल्या अनुचित कामगार प्रथांच्या राज्य कायद्यातली तक्रारीची मुदत तर फक्त ९० दिवस आहे. नवीन संहिता आल्यावर तो रस्ता तुमच्या प्रकरणात घ्यायचा की नाही हे लेबर वकिलाला काढल्यापासून पहिल्या महिन्यातच विचारा.

समेट अधिकारी न्यायाधीश नाही, तो दोघांना बसवून मिटवायचा प्रयत्न करतो आणि मिटलं नाही तर अहवाल देतो. इथे कंपनीचा माणूस करार उघडून दाखवणारच की साहेब, ह्यात आर्बिट्रेशन आहे. कधीकधी अधिकारीही म्हणतो, मग तिकडेच जा ना. वाद घालू नका. "कराराच्या कारणाने अर्ज घेत नाही असं लेखी द्या" एवढं शांतपणे म्हणा आणि सोबत तीन निकालांच्या प्रिंट ठेवा.

एक, मुंबई हायकोर्टाचा किंगफिशर एअरलाइन्सचा २०१२ चा निकाल. वैमानिकांसकट कर्मचाऱ्यांनी थकलेल्या पगारासाठी लेबर कोर्ट गाठलं, कंपनीने लवादाच्या क्लॉजवर ते थांबवायला सांगितलं, हायकोर्टाने नाही म्हटलं. दोन, कर्नाटक हायकोर्टाचा इनोव्हिटीचा २०१७ चा निकाल, तिथे तर बंगळूरच्या लेबर कोर्टाने कर्मचाऱ्याला लवादाकडे पाठवूनही दिलं होतं आणि हायकोर्टाने ते रद्द केलं. तीन आणि सगळ्यात कामाचा, सुप्रीम कोर्टाचा ह्युंदाई ऑटोएव्हरचा डिसेंबर २०२४ चा निकाल. तिथे कर्मचारी पगार आणि काढणं या दोन्हीसाठी कायद्याच्या प्राधिकरणांकडे गेला होता, कंपनीने गोपनीयता भंग झाला म्हणत लवाद उभा केला आणि मद्रास हायकोर्टाने तो नेमलाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पगार आणि काढणं हे वाद ज्या कायद्यांनी ठरावीक प्राधिकरणांकडे दिलेत ते लवादाकडे नेता येत नाहीत, लवादाची सगळी प्रक्रिया दुरुपयोग आहे असं म्हटलं आणि कंपनीला ५ लाख रुपये खर्च कर्मचाऱ्याला द्यायला लावला.

हे तिन्ही निकाल जुन्या कायद्यांखालचे आहेत, पण कारण तेच लागू पडतं: कामावर परत घ्यायला लावण्याचा, मागचा पगार द्यायला लावण्याचा अधिकार कायद्याने ठरावीक प्राधिकरणाला दिलाय आणि लवाद कायद्याचं कलम २(३) सांगतं की असे वाद तसेच राहतात. कामगार कायद्यातही लवाद आहे, तो कंपनीचा वकील पुढे करू शकतो, पण तो वाद उभा राहिल्यावर किंवा होण्याची शक्यता दिसल्यावर दोघांनी वेगळा लेखी करार करून, त्याच्या प्रती सरकार आणि समेट अधिकाऱ्याकडे पाठवून करायचा असतो. चार वर्षांपूर्वीच्या ऑफर लेटरमधलं वाक्य म्हणजे तो करार नाही.

समेट फसला की थेट ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो, समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत. अर्ज नेमका कुठल्या खिडकीत द्यायचा, नव्या ट्रायब्युनलमध्ये की अजून लेबर कोर्टात, हे त्याच ऑफिसात विचारून पावतीवर लिहून घ्या.

तपासा: आवक नंबर आणि तारखेचा शिक्का असलेली प्रत हातात आहे का? लवादाची नोटीस नंतर आली तर आधी कोण कुठे गेलं हे हाच शिक्का दाखवतो.

६. कंपनीची आर्बिट्रेशन नोटीस आली तर

आपल्या टेस्टरने लेबर ऑफिसात अर्ज दिला आणि तीन आठवड्यांत गुरुग्रामच्या एका वकिलाची नोटीस आली: बाँडचे दीड लाख आणि गोपनीयता भंगाचे दहा लाख, आमचे एमडी अमुक निवृत्त अधिकाऱ्यांना लवाद नेमत आहेत, सात दिवसांत संमती कळवा. असं पत्र साधारण ह्याच सुमारास येतं, आकडाही मुद्दाम मोठा असतो.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे "ओके, मी सहकार्य करीन, पण माझा पगार द्या" असं भाबडं उत्तर. ही संमती मानायला कंपनी तयारच बसलेली असते. दुसरी म्हणजे नोटीस ड्रॉवरमध्ये टाकणं. लवाद कायद्यात एक पक्ष आला नाही तरी दुसऱ्याचं ऐकून निवाडा देता येतो, आणि निवाडा हातात पडल्यावर तो रद्द करून घ्यायला तीन महिने, वर फार तर ३० दिवस, एवढाच वेळ. मग तुम्ही लेबर कोर्टात बरोबर असूनही गुरुग्रामच्या कोर्टात धावत बसणार.

उत्तर लहान आणि सात दिवसांच्या आत द्या. साधारण असं: "आपली नोटीस मिळाली. माझी काढून टाकण्याबद्दलची आणि वेतनाबद्दलची प्रकरणं कामगार प्राधिकरणांपुढे प्रलंबित आहेत (आवक क्रमांक व तारीख). हे वाद लवादाकडे नेता येत नाहीत. कंपनीने एकतर्फी केलेल्या लवादाच्या नेमणुकीला माझी संमती नाही व कलम १२(५) खालचा माझा हक्क मी सोडलेला नाही. बाँड व गोपनीयता भंगाचे आरोप मला मान्य नाहीत. हे उत्तर म्हणजे लवादाच्या अधिकाराला मान्यता नव्हे." बस. वेगळे मुद्दे, भावना, एचआरची तक्रार, काहीही घालू नका.

तुम्ही नाही म्हटलं की कंपनी कलम ११ खाली हायकोर्टात लवाद नेमायला जाईल, सीट गुरुग्राम तर चंदिगडला. हायकोर्ट सध्या करार आहे की नाही एवढंच वरवर बघतं, त्यामुळे तिथे लवाद नेमला गेला तर आकाश कोसळलं असं समजू नका. लवादापुढे पहिला जबाब देताना, नंतर नाही, कलम १६ खाली अधिकाराचा आक्षेप लेखी घ्या. हा आक्षेप आधी न घेता साक्षीपुरावे सुरू केले की पुढे तो घ्यायची वेळ गेलेली असते.

आता एक अप्रिय गोष्ट. ह्युंदाईच्या निकालात गोपनीयतेचा आरोप नंतर जोडलेला, पोकळ होता म्हणून तो गेला. प्रत्येक कंपनीचा बाँडचा दावा तसा असेलच असं नाही. खरोखर ट्रेनिंगवर खर्च झालाय, बाँडवर सही आहे, मुदतीआधी स्वतःहून नोकरी सोडलीय, तर तो करारातला दावा आहे आणि लवादाकडे जाऊ शकतो. विजया बँकेच्या प्रकरणात २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने २ लाखांचा बाँड वैध धरलाही. आपल्या टेस्टरला मात्र कंपनीनेच काढलंय, त्यामुळे "मी सोडलं नाही, तुम्ही काढलंत" हे वाक्य बाँडच्या उत्तरात सगळ्यात वर यायला हवं. बाँड जरी लवादाकडे गेला तरी काढण्याचं आणि पगाराचं प्रकरण लेबर ऑफिसातून हलत नाही, दोन्ही समांतर चालतील.

थांबा: सुनावणीची तारीख आली म्हणून आक्षेप न नोंदवता नुसती ऑनलाइन हजेरी लावू नका. सुरुवातीलाच "आक्षेप राखून हजर आहे" असं बोला आणि इतिवृत्तात ते आलंय का ते वाचा.

७. खरोखर मॅनेजर असाल तर

इथे क्लॉजला दात आहेत. दिवाणी कोर्टात काढण्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा टाकला की कंपनी लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज करणार आणि कोर्ट साधारणपणे लवादाकडे पाठवणार. कंपनीने पहिला जबाब देण्याआधी किंवा जबाब देतानाच हा अर्ज केला पाहिजे. जबाब देऊन मोकळी झाली आणि नंतर क्लॉज आठवला तर उशीर झाला, त्यामुळे तुमच्या वकिलाने त्यांचा पहिला कागद तारखेसकट नीट बघायला हवा.

दावा टाकण्याआधी अपेक्षाही तपासून घ्या. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट किंवा लवाद जबरदस्तीने चालू ठेवायला लावत नाही, म्हणजे खाजगी कंपनीत मॅनेजरला "परत कामावर घ्या" असा आदेश जवळपास मिळत नाही, मिळते ती भरपाई आणि ती बहुतेकदा करारातल्या नोटीस पिरियडच्या आसपास. तीन महिन्यांचा नोटीस पे सहा लाख असेल आणि लवादाचा खर्चच त्यातला मोठा भाग खाणार असेल तर आधी वाटाघाट करा. अंदाजासाठी, लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला ४५,००० फी धरलीय, एकच लवाद असला तर त्यावर २५ टक्के जास्त, आणि आगाऊ रक्कम दोघांना सारखी भरावी लागते. वकील वेगळा.

करायचंच असेल तर क्रम असा: लवाद सुरू करायची, त्याच कायद्याच्या कलम २१ ची नोटीस तुम्ही स्वतः पाठवा, त्यात तीन तटस्थ नावं सुचवा, एमडीने एकट्याने नेमायची ओळ मान्य नाही असं लिहा, आणि ३० दिवसांत एकमत झालं नाही तर सीटच्या हायकोर्टात कलम ११ चा अर्ज. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं आहे आणि लवादात घड्याळ समोरच्याला नोटीस मिळाल्यावर थांबतं, मेलवर बोलणी चालू आहेत म्हणून नाही.

करारात लवाद नसून फक्त "मुंबईच्याच न्यायालयांना अधिकार" अशी ओळ असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात अशी ओळ वैध धरली, म्हणजे पाटण्यात काम करून पाटण्यात दावा टाकता आला नाही, मुंबईतच यावं लागलं. पण तो दिवाणी दावा होता. वर्कर म्हणून लेबर ऑफिसला जाताना ऑफिस ठरतं ते तुम्ही जिथे काम केलं तिथलं, करारातलं शहर बघून गुरुग्रामचं तिकीट काढू नका.

आणि अजून नोकरीत असाल, नुकतंच नवीन ऑफर लेटर हातात आलं असेल, तर सही करण्याआधी एक मेल टाकून बघायला हरकत नाही: सीट माझ्या कामाच्या शहरात ठेवा आणि लवादाची नेमणूक दोघांच्या संमतीने करा. छोट्या कंपन्या कधीकधी बदलून देतात. मोठ्या कंपन्या सहसा नाही म्हणतात, पण तो मेल जपून ठेवा.